अभिलंब वक्राला पुन्हा कुठे भेटतो? एक उत्तर आधीच हातात असतं

वक्रावरचा एक बिंदू दिलेला असतो. त्या बिंदूपाशी स्पर्शिकेला लंब असलेली रेषा, म्हणजे अभिलंब, काढायची आणि ती रेषा त्याच वक्राला आणखी कुठे छेदते ते शोधायचं. गणिताचे दोन भाग उघड आहेत. पहिल्या भागात अवकलज काढून रेषेचं समीकरण मांडायचं, दुसऱ्यात ते वक्राच्या समीकरणात घालून सोडवायचं. माझ्याकडे शिकायला येणारी मुलं पहिला भाग बहुतेक वेळा बरोबर करतात. अडतात ती दुसऱ्या भागात. समोर घन समीकरण येतं, त्याचं सूत्र पाठ नसतं आणि वही तिथेच थांबते.

खरं तर थांबायचं कारण नसतं. दिलेला बिंदू वक्रावर आहे आणि अभिलंबावरही आहे. म्हणजे जे समीकरण सोडवायचं आहे, त्याचं एक मूळ प्रश्नातच लिहून दिलेलं आहे. ते मूळ बाजूला काढलं की समीकरणाचा घात एकाने उतरतो. पुढचं सगळं लिखाण या एका गोष्टीभोवती आहे, कारण हेच मूळ आपली चूक पकडायलाही कामी येतं, आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

सुरुवात साध्या अन्वस्तापासून

y = x² हा अन्वस्त आणि त्यावरचा बिंदू (2, 4) घेऊ.

अवकलज dy/dx = 2x. बिंदूपाशी x = 2, म्हणून स्पर्शिकेचा चढ 4. अभिलंब स्पर्शिकेला लंब, म्हणून दोन्ही चढांचा गुणाकार −1 यायला हवा. अभिलंबाचा चढ −1/4. रेषा अशी:

y − 4 = −(1/4)(x − 2)

इथे एका चुकीपाशी थांबतो, कारण ती वह्यांमध्ये सतत दिसते. काही जण चढात x ची किंमत घालायचं विसरतात आणि y − 4 = −(1/2x)(x − 2) असं लिहून मोकळे होतात. दिसायला ते रेषेसारखं दिसतं, पण ती रेषा नाही. छेदात x आहे, म्हणजे चढ प्रत्येक ठिकाणी बदलतोय. अभिलंबाचा चढ हा एक ठाम आकडा हवा. रेषेच्या समीकरणात x चा वर्ग किंवा छेदातला x दिसला, तर पुढे जाऊ नका.

आता y च्या जागी x² घालू. दोन्ही बाजूंना 4 ने गुणून सगळं एका बाजूला घेतलं की

4x² + x − 18 = 0

वर्गसमीकरणाचं सूत्र वापरायचा मोह होतो. पण x = 2 हे मूळ आपल्याला माहीतच आहे. दोन मुळांची बेरीज −1/4, म्हणून दुसरं मूळ −1/4 − 2 = −9/4. y ची किंमत त्याचा वर्ग, 81/16. अभिलंब अन्वस्ताला पुन्हा (−9/4, 81/16) इथे भेटतो. ताळा करायचा तर रेषेच्या समीकरणात x = −2.25 घाला: 4 + 4.25/4 = 5.0625, आणि 81/16 सुद्धा तेवढेच.

ताळ्यासाठी y ची किंमत एकदा वक्रावरून आणि एकदा रेषेवरून अशी दोन्हीकडून काढायची. एकाच समीकरणात दोनदा घालून बघितलं तर तो ताळा होत नाही.

2 च्या जागी a ठेवला की काय दिसतं

बिंदू (a, a²) घेतला तर अभिलंबाचा चढ −1/(2a), आणि छेदनासाठीचं समीकरण

x² + x/(2a) − a² − 1/2 = 0

मुळांची बेरीज −1/(2a). एक मूळ a. म्हणून दुसरं

b = −a − 1/(2a)

या छोट्या सूत्राकडे जरा वेळ देऊन बघा. a धन असेल तर b ऋण, म्हणजे अभिलंब नेहमी अक्षाच्या पलीकडे जाऊन वक्राला भेटतो. a शून्याच्या जवळ नेला की 1/(2a) वाढत जातो. a = 0.1 ला b = −5.1. a = 0.01 ला b = −50.01, आणि तिथे y जवळजवळ 2501. शिरोबिंदूपाशी अभिलंब जवळपास उभा असतो, तो थोडासाच कललेला असतो, म्हणून पलीकडची भुजा गाठायला त्याला खूप वर जावं लागतं. आणि a = 0 ला तो पूर्ण उभा होतो, Y-अक्षच बनतो, आणि पुन्हा भेटतच नाही.

a मोठा केला तरी b दूरच जातो, या वेळी −a मुळे. म्हणजे मध्ये कुठेतरी b अक्षाच्या सर्वांत जवळ असणार. a + 1/(2a) ची किमान किंमत a = 1/√2 ला येते आणि ती √2 आहे. म्हणून दुसरा बिंदू अक्षाच्या जास्तीत जास्त जवळ आला तरी (−√2, 2) इथेच थांबतो. x = −√2 आणि x = √2 यांच्या मधल्या वक्राच्या तुकड्यावर पलीकडून आलेला एकही अभिलंब पोचत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दिलेला बिंदू आणि दुसरा बिंदू यांमधलं अंतर काढलं तर त्याचा वर्ग (4a² + 1)³/(16a⁴) येतो. हे अंतर सर्वांत कमी कधी? अवकलन करून बघा, पुन्हा a = 1/√2 च येतो, आणि अंतर 3√3/2, म्हणजे सुमारे 2.6. दोन वेगळे प्रश्न, उत्तर एकच, आणि हा योगायोग नाही. पहिला बिंदू वक्रावर किंचित सरकला तर तो जीवेला लंब दिशेने सरकतो, कारण जीवा तिथे अभिलंब आहे. लंब दिशेने सरकल्याने लांबीत तत्क्षणी फरक पडत नाही. लांबी बदलते ती फक्त दुसऱ्या टोकाच्या हालचालीमुळे. a = 1/√2 ला b वाढायचा थांबून मागे फिरतो, म्हणजे दुसरं टोक त्या क्षणी स्थिर असतं, म्हणून लांबीही तिथेच स्थिर होते.

घन वक्र: जिथे खरी अडचण येते

y = x³ − 4x हा वक्र आणि बिंदू (1, −3). आधी बिंदू वक्रावर आहे ना, ते बघायचं: 1 − 4 = −3, आहे. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण बिंदू उतरवून घेताना एखादं चिन्ह चुकलं तर पुढची सगळी युक्तीच कोसळते, कारण दिलेला बिंदू मूळच राहत नाही.

dy/dx = 3x² − 4. x = 1 ला चढ −1. अभिलंबाचा चढ 1. रेषा y = x − 4.

x³ − 4x = x − 4
x³ − 5x + 4 = 0

x = 1 हे मूळ आहे: 1 − 5 + 4 = 0. आता (x − 1) ने भागायचं. संश्लेषक पद्धतीने सहगुणक लिहिताना x² चा सहगुणक शून्य आहे, तो लिहायलाच हवा: 1, 0, −5, 4. एक खाली आणला, 0 मध्ये मिळवला, 1. −5 मध्ये मिळवला, −4. 4 मध्ये मिळवला, 0. बाकी शून्य, भागाकार x² + x − 4.

आता शून्य लिहायला विसरलात तर काय होतं ते बघा. सहगुणक 1, −5, 4 धरले तर ओळ येते 1, −4, 0. बाकी पुन्हा शून्यच! भागाकार x − 4 दिसतो, उत्तर x = 4 येतं आणि सगळं सुबक वाटतं. मूळ 1 असताना बाकी म्हणजे सगळ्या सहगुणकांची बेरीज असते, आणि गाळलेल्या शून्याने बेरीज बदलत नाही. म्हणून बाकी शून्य आली एवढ्यावर विसंबू नका. भागाकाराचा घात मूळ समीकरणापेक्षा बरोबर एकाने कमी आहे का, तेही बघा. घन समीकरणाला (x − 1) ने भागून वर्गपदीच यायला हवी.

x² + x − 4 = 0 वरून x = (−1 ± √17)/2, म्हणजे सुमारे 1.56 आणि −2.56. y = x − 4, म्हणून y सुमारे −2.44 आणि −6.56. अभिलंब वक्राला आणखी दोन ठिकाणी भेटतो, आणि उत्तरात दोन्ही बिंदू लिहायचे. ‘पुन्हा कुठे भेटतो’ हा प्रश्न एकवचनी असला तरी उत्तर एकवचनी असेलच असं नाही.

चित्रात याचा अर्थ असा. बिंदू (1, −3) हा वक्राच्या खोलगट तळाच्या किंचित डावीकडे आहे. तळ सुमारे x = 1.15 ला. अभिलंब तिथून उजवीकडे वर चढतो, वक्र तळ गाठून मग वेगाने वर येतो आणि 1.56 ला रेषेला गाठून ओलांडतो. डावीकडे वक्र आधी उंच टेकडी चढून मग झपाट्याने खाली येतो आणि −2.56 ला खाली उतरणाऱ्या रेषेला छेदतो. हातानं काढलेल्या कच्च्या चित्रातही हे दोन छेद दिसतात, म्हणून आकडेमोडीआधी एक कच्चं चित्र काढाच.

कधी भेटतच नाही

आता y = x³ आणि बिंदू (1, 1). चढ 3, अभिलंबाचा चढ −1/3. समीकरण 3x³ + x − 4 = 0, आणि (x − 1) ने भागून 3x² + 3x + 4. विवेचक 9 − 48 = −39, ऋण. वास्तव मुळं नाहीत, म्हणजे अभिलंब वक्राला पुन्हा भेटत नाही. हे पूर्ण उत्तर आहे. बरेच जण इथे आपलं काहीतरी चुकलं असं समजून सगळं खोडतात.

हे आकडेमोड न करताही कळलं असतं. y = x³ हा वक्र सतत वर चढणारा आहे, आणि अभिलंबाचा चढ ऋण आहे, म्हणजे रेषा सतत उतरणारी. एक चढतो, दुसरी उतरते, दोघांची गाठ एकदाच पडणार. जो वक्र कुठेही दिशा बदलत नाही, त्याच्या बाबतीत हा विचार आधी करावा.

स्पर्शिका आडवी असेल, म्हणजे चढ 0, तर अभिलंब उभा: x = a. तिथे −1/m लिहायला जाऊ नका, शून्याने भागता येत नाही. आणि y = f(x) अशा रूपातल्या वक्राला उभी रेषा एकदाच छेदते, म्हणून तिथेही दुसरी भेट नाही.

m + 1/m चा ताळा

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

दिलेला बिंदू समीकरणाचं मूळ आहे याने एक गोष्ट तपासली जाते: रेषा त्या बिंदूतून जाते. पण त्या बिंदूतून असंख्य रेषा जातात. चढ चुकला असेल तरी x = a हे मूळ येणारच आणि बाकी शून्य येणारच. म्हणजे सगळ्यांत जास्त होणारी चूक, चढाची, या तपासणीतून सुटते.

ती पकडायची अशी. वक्राच्या y मधून रेषेचा y वजा केला की

f(x) − f(a) + (x − a)/m = (x − a)·q(x)

इथे m हा स्पर्शिकेचा चढ आणि q(x) हा भागाकार. दोन्ही बाजूंचं अवकलन करून x = a घाला. डावीकडे m + 1/m येतं, उजवीकडे फक्त q(a) उरतं. म्हणजे

q(a) = m + 1/m

भागाकारात दिलेल्या बिंदूचा x घातला की स्पर्शिकेचा चढ अधिक त्याचा व्यस्त मिळायला हवा. आपल्या घन वक्रात m = −1, म्हणून −2 हवेत. x² + x − 4 मध्ये x = 1 घाला: −2. बरोबर. आणि शून्य गाळून आलेला चुकीचा भागाकार x − 4 तिथे −3 देतो, लगेच उघडा पडतो. y = x³ मध्ये m = 3, म्हणून 10/3 हवेत; आपण समीकरणाला 3 ने गुणलं होतं, म्हणून 10 हवेत, आणि 3 + 3 + 4 = 10 येतात. समीकरणाला कशाने गुणलं, कुठे चिन्हं उलटवली, ते मात्र लक्षात ठेवायला हवं.

चूक असेल तर येणारा आकडा चुकीचा प्रकारही सांगतो. 0 आला तर तुम्ही अभिलंबाऐवजी स्पर्शिकाच काढली आहे. तेव्हा (x − a) दोनदा अवयव म्हणून येतो. 2m आला तर चिन्ह बदललं, पण व्यस्त घ्यायचा राहिला. m − 1/m आला तर व्यस्त घेतला, पण चिन्ह बदलायचं राहिलं. एका अडचणीची कल्पना असू द्या: m = 1 किंवा m = −1 असेल तर व्यस्त घेतला काय, न घेतला काय, उत्तर तेच येतं, म्हणून ती चूक दिसत नाही आणि उत्तरही बिघडत नाही. सरावासाठी गणितं निवडताना सगळीच अशी सोप्या चढाची घेऊ नका. वरच्या घन वक्रावर x = 2 घेऊन बघा, तिथे चढ 8 आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. m + 1/m कधीच शून्य होत नाही, कारण दोन्ही पदांचं चिन्ह सारखं असतं. म्हणून योग्य अभिलंबासाठी दिलेला बिंदू हे कधीच दुहेरी मूळ नसतं. दुहेरी मूळ आलंच, तर ते दुसरीकडे यावं, आणि त्याचा अर्थ अभिलंब तिथे वक्राला स्पर्श करून जातो.

समीकरणात x आणि y गुंतलेले असतील तर

x² + xy + y² = 7 या वक्रावरचा बिंदू (1, 2) घेऊ. 1 + 2 + 4 = 7, बिंदू वक्रावर आहे.

दोन्ही बाजूंचं x ने अवकलन:

2x + y + x(dy/dx) + 2y(dy/dx) = 0

बिंदूच्या किमती इथेच घालाव्यात, आधी dy/dx चं सूत्र काढत बसू नये. 4 + 5(dy/dx) = 0, म्हणून चढ −4/5 आणि अभिलंबाचा चढ 5/4.

y = 2 + (5/4)(x − 1) हे वक्राच्या समीकरणात घालता येईल, पण अपूर्णांकांचे वर्ग करताना हमखास घोटाळा होतो. त्यापेक्षा चढाचा अर्थ वापरा: आडवं 4 गेलं की उभं 5 जायचं. म्हणजे अभिलंबावरचा कोणताही बिंदू

x = 1 + 4t, y = 2 + 5t

दिलेला बिंदू म्हणजे t = 0. हे वक्रात घातलं की

7 + 41t + 61t² = 7

7 आणि 7 उडून जातात. ते उडाले नाहीत तर विस्तारात चूक आहे. उरतं t(41 + 61t) = 0. भागाकार करायचीही गरज नाही, दिलेला बिंदू t होऊन आपोआप बाहेर पडला. t = −41/61, आणि दुसरा बिंदू (−103/61, −83/61).

आकडे ओबडधोबड दिसले की मुलं घाबरतात, म्हणून ताळा पूर्ण करू. 103² = 10609, 103 × 83 = 8549, 83² = 6889. बेरीज 26047. 61² = 3721, आणि 3721 × 7 = 26047. बिंदू वक्रावर आहे.

मघाचा ताळा इथे आणखी सुटसुटीत होतो. y स्थिर धरून x ने अवकलन केलं तर 2x + y = 4, x स्थिर धरून y ने केलं तर x + 2y = 5. अभिलंबाची दिशा हेच दोन आकडे देतात, आणि t चा सहगुणक नेहमी त्यांच्या वर्गांची बेरीज असतो: 16 + 25 = 41. चुकून स्पर्शिकेची दिशा (5, −4) घेतली असती तर तो 0 आला असता. दिशा लहान करून घेतली, समजा (8, 10) ऐवजी (4, 5), तर सहगुणकही त्याच प्रमाणात लहान होतो, एवढं ध्यानात असू द्या.

उभ्या अभिलंबालाही ही t ची पद्धत चालते, कारण यात चढाने भागायची वेळच येत नाही. म्हणून गुंतलेल्या समीकरणासाठी मी दुसरी पद्धत वापरतच नाही. y = f(x) असं सरळ रूप असेल तर मात्र भागाकाराची पद्धतच कमी लिखाणात होते, आणि q(a) चा ताळा शेवटच्या ओळीखाली दहा सेकंदांत लिहून होतो.